पत्र कधी आलं?

ताळेबंदाच्या मागे जोडलेल्या टिपांमध्ये एक वाक्य वरचेवर भेटतं. ‘कंपनीने चालू वर्षात काही मालमत्तांच्या उपयुक्त आयुष्याचा आढावा घेतला असून सुधारित आयुष्यानुसार घसारा यापुढील काळासाठी आकारला आहे.’ वाक्य नियमाला धरून आहे. ऑडिटरची सही त्याखाली बिनदिक्कत होते. त्यात फक्त एक गोष्ट नसते. आढावा घ्यायला लावणारी बाब कंपनीला नेमकी कळली कधी, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

पूर्णा गावाचंच उदाहरण घेऊ. ठाणे-भिवंडी पट्ट्यातल्या या गावात कंपाऊंडामागून कंपाऊंड गोदामांची आहेत. समजा, माल साठवून वाटप करणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने इथे गोदाम भाड्याने घेतलं. करार १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२९, दहा वर्षांचा. कंपनीने आत लोखंडी पोटमाळा चढवला, गाड्या लावायच्या फलाटावर डॉक लेव्हलर बसवले, आग विझवायची पाइपलाइन फिरवली. खर्च ७८ लाख. रॅक असते तर नटबोल्ट सोडून दुसऱ्या गाळ्यात नेता आले असते. ही कामं नेता येत नाहीत. जागा सोडताना हातात येईल ते भंगार, त्याची किंमत ३ लाख धरली.

उरले ७५ लाख. हे किती वर्षांत खर्ची टाकायचे? हिशेबनिसाने कंपनी कायद्याची दुसरी अनुसूची उघडली. सर्वसाधारण यंत्रसामग्रीसमोर १५ वर्षं दिसली, तीच घेतली. दर वर्षी ५ लाख घसारा, सरळ रेषेत. सहा वर्षांत ३० लाख गेले. ३१ मार्च २०२५ रोजी पुस्तकात ४८ लाख शिल्लक राहिले.

मग २०२५-२६ च्या हिशेबात ते वाक्य आलं. आयुष्य पंधराऐवजी दहा वर्षं. सहा संपली, चार उरली. ४८ लाखांतून भंगाराचे ३ लाख वजा केले की ४५ लाख राहतात आणि ते चार वर्षांत बसवायचे. म्हणजे दर वर्षी ११ लाख २५ हजार. काल ५, आज सव्वाअकरा.

दहा वर्षं पहिल्या दिवसापासून धरली असती, तर दर वर्षी साडेसात लाख बसले असते. सहा वर्षांत ४५ लाख गेले असते. प्रत्यक्षात गेले ३०. मागचे १५ लाख कमी पडले आणि ते आता पुढच्या चार वर्षांच्या डोक्यावर बसले, दर वर्षी पावणेचार लाख जादा. मागच्या सहा वर्षांचे नफे छापले गेले तसेच राहिले. त्यांना कोणी हात लावला नाही.

हे बरोबर आहे का? आहे. घसारा हा मुळातच अंदाज असतो. यंत्र किती वर्षं चालेल, जागा किती वर्षं ताब्यात राहील, शेवटी भंगाराचे किती येतील, यातलं काहीही खरेदीच्या दिवशी ठाऊक नसतं. त्या दिवशी जी माहिती होती तिच्यावर प्रामाणिकपणे बेतलेला आकडा चूक ठरत नाही, पुढे तो कितीही फसला तरी. म्हणून नवी माहिती आली की तिथून पुढचं गणित बदलायचं, मागचं नाही. मोठ्या कंपन्यांच्या इंड एएस ८ मध्ये हे आहे आणि लहान कंपन्यांच्या एएस ५ मध्येही आहे. वर्षानुवर्षं छापून झालेले, बँकेत दिलेले, सभेत मंजूर झालेले ताळेबंद प्रत्येक नव्या अंदाजासाठी उकरायचे ठरवले, तर कुठलाच ताळेबंद कधी पक्का होणार नाही.

पण या सवलतीला एक अट आहे आणि त्या टिपेत हरवते ती हीच. मागच्या वर्षांना हात लावायचा नाही, कारण ती वर्षं चुकलेली नव्हती. ती चुकलेली असतील तर हा नियम तिथे लागूच होत नाही.

आता आपल्या कंपनीचा भाडेकरार उघडू. त्यात वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली शक्यता अशी. करारात मुदत आणखी पाच वर्षं वाढवून घेण्याचा हक्क भाडेकरूला दिला होता. दहा अधिक पाच, पंधरा. कंपनीचा विचार इथेच राहण्याचा होता, तो ठरावात नोंदलेला होता. पुढे धंद्याचा ओघ बदलला. मुख्य ग्राहकाने एप्रिल २०२५ मध्ये पत्र देऊन कळवलं की २०२९ नंतर माल इथे उतरणार नाही. संचालकांनी मुदतवाढ न घेण्याचं ठरवलं. ही नवी माहिती. एप्रिल २०२५ पूर्वी ती जगात नव्हती. घसारा पुढच्या चार वर्षांत बसवणं इथे शंभर टक्के योग्य आहे आणि सव्वाअकरा लाखांचा आकडा कोणी खोडू शकत नाही.

दुसरी शक्यता. करारात मुदतवाढीचं कलमच नव्हतं. ३१ मार्च २०२९ ला जागा रिकामी करून द्यायची, असं पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. मग नेता न येणाऱ्या पोटमाळ्याला पंधरा वर्षांचं आयुष्य कुठून आलं? अनुसूचीतून. अनुसूची यंत्राचं वय सांगते, तुमच्या भाडेकराराचं नाही. मालमत्तेच्या वापरावर कराराने मर्यादा घातली असेल तर उपयुक्त आयुष्य ठरवताना ती विचारात घ्यावी, हे मानक स्पष्ट सांगतं. करार फाइलमध्ये होता. कोणी वाचला नाही. याला अंदाज बदलणं म्हणत नाहीत. ही चूक आहे, आणि सहा वर्षं दर मार्चला ती नव्याने केली गेली आहे.

चुकीचा हिशेब वेगळा लागतो. आपली कंपनी लहान, एएस ५ पाळणारी. तिला मागचे १५ लाख चालू वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात ‘पूर्वकालीन बाब’ म्हणून वेगळ्या ओळीत दाखवावे लागतात, आणि चालू वर्षाचा घसारा साडेसात लाख. एका वर्षात साडेबावीस लाखांचा भार, तोही उघड्यावर, नाव लावून. हीच कंपनी इंड एएसमध्ये असती तर तुलनेसाठी छापलेलं २०२४-२५ सुधारावं लागलं असतं. त्या वर्षाचा घसारा अडीच लाखांनी वाढला असता. त्याच्याही मागच्या पाच वर्षांचे साडेबारा लाख १ एप्रिल २०२४ च्या राखीव निधीतून वजा झाले असते, आणि त्या तारखेचा तिसरा ताळेबंद शेजारी छापावा लागला असता. (करावरचे परिणाम इथे बाजूला ठेवले आहेत. आयकरात घसाऱ्याचे स्वतःचे दर आणि स्वतःचे गट असतात. कंपनीने पुस्तकात आयुष्य पंधरा लिहिलं की दहा, याने ते दर बदलत नाहीत.)

सव्वाअकरा आणि साडेबावीस. कंपनी तीच, पोटमाळा तोच, नवं आयुष्यही दहाच वर्षं. फरक फक्त एवढा, की दहा हा आकडा कंपनीला २०२५ मध्ये कळला की तो २०१९ पासून तिच्या कपाटात होता. आणि नेमकं तेवढंच टिपेत लिहिलेलं नसतं.

असं लिहिणाऱ्यांना मानकाचा आधार सापडतो. बदल धोरणाचा की अंदाजाचा हे ठरवणं अवघड असेल, तर तो अंदाजाचा समजावा, असं मानक म्हणतं. ही मुभा धोरण आणि अंदाज यांच्यातल्या संशयासाठी आहे. अंदाज आणि चूक यांच्यातल्या संशयासाठी नाही. शिवाय संशयाचा फायदा घ्यायचा तर खुलासा करायला हवा, असं त्याच मानकात लिहिलेलं आहे. फायदा सगळे घेतात, खुलाशाशी मात्र बहुतेकांची ओळख नाही.

‘फक्त पुढे’ हा नियम कशाच्या उपयोगाचा आहे, हे घसाऱ्याची पद्धत बदलण्याच्या इतिहासात दिसतं. जुन्या एएस ६ मध्ये घटत्या शिल्लक पद्धतीवरून सरळ रेषेवर येणं हा धोरणबदल मानला जाई. मालमत्ता वापरात आली त्या दिवसापासून नव्या पद्धतीने घसारा पुन्हा मोजायचा आणि फरक त्याच वर्षी नफ्यात घ्यायचा किंवा तोट्यात टाकायचा. आपला पोटमाळा घटत्या पद्धतीवर असता तर सहा वर्षांत त्याची पुस्तकी किंमत सुमारे २१ लाख २० हजारांवर आली असती. सरळ रेषेने ती ४८ लाख. म्हणजे नुसती पद्धत बदलली की त्या वर्षाच्या नफ्यात जवळजवळ २७ लाख आयते. गोदामात एक पेटी जास्त आली नाही, एक रुपया जास्त मिळाला नाही. पडत्या वर्षी हा मार्ग किती सोयीचा होता, हे सांगायला नको.

३० मार्च २०१६ च्या अधिसूचनेने एएस ६ गेलं आणि सुधारित एएस १० आलं. आता पद्धत बदलणं हाही अंदाजाचाच बदल. २१ लाख २० हजारांतून भंगाराचे ३ लाख वजा करून उरलेली रक्कम पुढच्या नऊ वर्षांत सारखी वाटायची, वर्षाला साधारण दोन लाख. घटत्या पद्धतीने सातव्या वर्षी चार लाखांच्या थोडा वर घसारा बसला असता. नफा वाढतो, पण दोन लाखांनी वाढतो, सत्तावीस लाखांनी नाही. ‘फक्त पुढे’ या नियमाने एक मोठी पळवाट बुजवली, हे त्याचं श्रेय. सरकारनेही १ एप्रिल २०१४ ला दुसरी अनुसूची लागू करताना हेच केलं होतं. जुन्या दरांऐवजी आयुष्य आलं, तेव्हा त्या दिवशीची पुस्तकी किंमत उरलेल्या आयुष्यात वाटा, असं सांगितलं. मागची वर्षं उघडायला लावली नाहीत.

पण पळवाट बुजवणाऱ्या नियमाचीच आता दुसरी वाट झाली आहे. पूर्वी मागचा फरक एका वर्षात धाडकन दिसायचा, लोक विचारायचे. आता मागची चूक पुढच्या चार वर्षांत थोडीथोडी विरघळते आणि कोणी विचारत नाही. आयुष्य वाढवण्याच्या बाबतीत तर हे आणखी सोपं. आपल्या पोटमाळ्याचं आयुष्य पंधराऐवजी एकवीस केलं, तर ४५ लाख उरलेल्या पंधरा वर्षांत बसतील. घसारा पाचाचा तीन होईल. नफा दोन लाखांनी वाढेल. कागदावर एक आकडा बदलला आणि एक ओळ लिहिली, झालं. बँकेच्या अधिकाऱ्याला याने फारसा फरक पडत नाही, तो घसारा परत मिळवूनच रोख मोजतो. फरक पडतो तो भागधारकाला आणि नफ्यावर बोनस घेणाऱ्याला.

रक्कम सांगता येत नाही, ही सबबही चालण्यासारखी नाही. २०२३ मध्ये अल्फाबेटने आपल्या सर्व्हरचं आयुष्य चार वर्षांवरून सहा आणि काही नेटवर्क यंत्रांचं पाचावरून सहा केलं. त्याच वर्षाच्या अहवालात त्यांनी सांगितलं की यामुळे घसारा ३.९ अब्ज डॉलरने कमी झाला आणि निव्वळ नफा ३ अब्जांनी वाढला. निर्णय पटो न पटो, वाचणाऱ्याला नफ्यातून ते ३ अब्ज वजा करून बघता येतात. अख्ख्या जगभर यंत्रं पसरलेल्या कंपनीला हे जमतं. पूर्णा गावात एका पोटमाळ्याचा हिशेब ठेवणाऱ्याला जमत नाही, असं होऊ शकत नाही. एएस ५ ही परिणाम ठळक असेल तर रक्कम सांगायला सांगतं, आणि सांगता येत नसेल तर ‘सांगता येत नाही’ हे तरी लिहायला सांगतं. वर उद्धृत केलेल्या वाक्यात दोन्ही नाही.

आणि तारीख न विचारल्याने काय होतं, तेही अमेरिकेतच दिसलं. वेस्ट मॅनेजमेंट या कचरा उचलणाऱ्या कंपनीने आपल्या गाड्यांची आयुष्यं लांबवली आणि त्यांच्या भंगार किमती फुगवल्या. त्याला आधार नव्हता, असं तिथल्या रोखे नियामकाने २००२ च्या तक्रारीत म्हटलं. त्याआधी १९९८ मध्येच कंपनीला मागच्या वर्षांचे हिशेब १.७ अब्ज डॉलरने सुधारावे लागले होते. घसारा हा त्यातला एक मोठा भाग. तिथे कोणालाही ‘अंदाज बदलला, पुढे बघू’ म्हणता आलं नाही. कारण गाडी किती वर्षं चालते, हे कंपनीला आधीही ठाऊक होतं.

आता तिसरी शक्यता, आणि प्रत्यक्षात हीच जास्त आढळते. करारात मुदतवाढीचं कलम आहे, पण ‘परस्पर संमतीने’. हे दोन शब्द म्हणजे हक्क नव्हे. तरीही २०१९ मध्ये मालक-भाडेकरूचे संबंध चांगले होते. आधीच्या गोदामात याच मालकाने मुदत दोनदा वाढवून दिली होती. म्हणून पंधरा वर्षं धरली, तर तो अंदाज सैल असला तरी निराधार नव्हता. मग जीएसटीनंतर या पट्ट्यात जुन्या बुटक्या शेडच्या जागी उंच गोदामांची मागणी वाढली. समजा, १ एप्रिल २०२३ च्या सुमारास आपल्या मालकानेही जुनी शेड पाडून उंच गोदाम बांधण्याचा नकाशा मंजुरीला टाकला आणि भाडेकरूंना बोलावून तसं सांगितलं. मुदत वाढणार नाही, हे त्या दिवशी कळलं. लेखी पत्र मात्र एप्रिल २०२५ मध्ये आलं.

कंपनी पत्राची तारीख दाखवते. नवी माहिती, २०२५. ऑडिटर पत्र फाइलला लावतो.

पण मानक आयुष्याचा आढावा दर वर्षअखेरीला घ्यायला सांगतं, पत्र आल्यावर नाही. मार्च २०२४ मध्ये आढावा घेतला असता तर दहा हा आकडा तेव्हाच पुढे आला असता. १ एप्रिल २०२३ रोजी पुस्तकात ५८ लाख होते. त्यातून ३ लाख वजा करून उरलेले ५५ लाख सहा वर्षांत वाटले तर वर्षाला ९ लाख १७ हजार होतात. प्रत्यक्षात दोन वर्षं पाच-पाचच गेले. कमी पडले ८ लाख ३३ हजार. पहिल्या चार वर्षांना कोणी बोट लावू शकत नाही, तो अंदाज होता. शेवटच्या दोन वर्षांचे ८ लाख ३३ हजार ही चूक आहे आणि ती एएस ५ प्रमाणे पूर्वकालीन बाब म्हणून याच वर्षी वेगळी दाखवायला हवी. उरलेल्या चार वर्षांचा घसारा मग सव्वाअकरा लाख राहत नाही, ९ लाख १७ हजार होतो.

म्हणजे मागच्या वर्षांचं देणं एकदा शून्य निघालं, एकदा १५ लाख आणि एकदा ८ लाख ३३ हजार. कुठलं खरं, हे मालकाचं पत्र सांगणार नाही. ते सांगेल २०२३ मधलं बैठकीचं इतिवृत्त, मालकाशी झालेले मेल आणि त्याच काळात नव्या जागेसाठी दलालांना केलेली विचारणा. दुसरी जागा २०२३ पासूनच शोधली जात होती, असं निघालं तर पत्राच्या तारखेला अर्थ उरत नाही. ऑडिटरने मागायची ती ही कागदपत्रं. भाडेकराराची प्रत त्याच्याकडे आधीपासून असते.